पुन्हा शिरोडाच का?

"आमच्या घरी दरवर्षी सुट्टीवरून वाजतंच. ह्यांना दरवेळी तीच जागा हवी, मला दरवेळी नवीन. मधला मार्ग काढला की दोघंही नाराज होऊन परत येतो. नक्की कोणाचं बरोबर धरायचं?" (निपाणीहून एक वाचक)

टिळकवाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत फेब्रुवारी-मार्च आला की हे भांडण येतंच. कधी ते मुख्य तक्रार म्हणून येतं, तर बहुतेकदा दुसऱ्याच तक्रारीच्या पदराला बांधलेलं असतं. खानापूरच्या एका निवृत्त शिक्षकांनी तर "बायको बोलत नाही" एवढंच सांगितलं होतं. तिसऱ्या भेटीत कळलं, की तेवीस वर्षं एकाच गावाला नेल्यावर चोविसाव्या वर्षी तिनं बॅगच भरली नव्हती.

उत्तरादाखल एका जोडप्याची गोष्ट सांगते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पाच-सहा भेटींचं बोलणं इथं आटवून दिलं आहे.

रमेशरावांचं उद्यमबागेत छोटं फाउंड्री युनिट. वैशालीताई मराठी शाळेत शिक्षिका. मुलगी ऋतू तेव्हा नववीची परीक्षा देत होती. दोघंही वेळेवर आले आणि बसल्या बसल्या रमेशरावांनी बाजू मांडली.

"मॅडम, वर्षभर माझं डोकं भट्टीत असतंय. माल आला काय, लाइट गेली काय, कामगार गावाला गेला काय. दिवसात शंभर वेळा ठरवायला लागतंय. शिरोड्याला गेलं की काहीच ठरवायचं नसतंय. तीच खोली, तोच माड, वेळागरच्या सुरूच्या झाडाखाली तीच जागा. गेल्या गेल्या झोप लागते बघा."

"आणि माझं?" एवढंच वैशालीताई म्हणाल्या.

बेळगावहून आंबोली घाट उतरून सावंतवाडी, तिथून आजगावमार्गे शिरोडा, असा साडेतीन तासांचा रस्ता. तिथल्या एका घराच्या दोन खोल्या हे कुटुंब दर मे महिन्यात पाच दिवसांसाठी घेतं. रमेशरावांचे वडील त्यांना लहानपणी एसटीनं तिथंच न्यायचे. वडील गेले, घरमालकही गेले, आता त्यांची पत्नी घर बघते. तिला सगळे वहिनी म्हणतात. पैसे दिले-घेतले जातात, पण पाहुण्यासारखं कुणी वागत नाही. "अगदी घरच्यासारखं," रमेशराव दोन वेळा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा वैशालीताईंनी खिडकीकडे मान वळवली. मी ते टिपलं, पण काही बोलले नाही. माझी पद्धत अशी, की माणूस काय मागतो यापेक्षा मागताना काय टाळतो इकडे माझं लक्ष जास्त असतं. माझे शिक्षक म्हणायचे, भांडणाचा विषय म्हणजे दारावरची पाटी; आत कोण राहतं ते पाटीवरून कळत नाही. चोवीस वर्षं झाली या कामाला. अजून तरी ते मला चुकीचं वाटलेलं नाही.

"नवीन ठिकाणी कधीच गेला नाहीत?" मी विचारलं.

"गेलो की. २०२३ ला. बदामी," रमेशराव म्हणाले. "विचारा हिला काय झालं ते."

जे झालं ते मे महिन्यात बदामीला जाणाऱ्या कुणाचंही होईल असंच होतं. पहाटे निघाले, सौंदत्ती-रामदुर्गमार्गे दहाच्या सुमाराला पोचले. दोन दिवसांत बदामी, पट्टदकल, ऐहोळे, कुडलसंगम आणि जमलं तर विजयपूरचा गोलघुमट, असा बेत. बदामीची लेणी तांबड्या वालुकाश्मात कोरलेली आहेत. भर मे महिन्यात दुपारी तो दगड तव्यासारखा तापतो. चार लेणी एकावर एक पायऱ्यांनी चढत जायची, वर सावली म्हणजे लेण्याच्या आतली तेवढीच. माकडांनी खाऊची पिशवी पळवली. पट्टदकलला पोचेपर्यंत ऋतूला उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ते बेळगावात परत.

"तेव्हापासून नवीन म्हटलं की हे 'बदामी' एवढंच म्हणतात," वैशालीताई म्हणाल्या.

इथं जरा थांबते, कारण ही गल्लत मी फार वेळा पाहते. बदामी फसली ती नवी होती म्हणून नाही. महिना चुकला होता आणि दोन दिवसांत पाच गावं कोंबली होती. जुन्या ठिकाणाचा महिना आपण पूर्वीच शिकून बसलेलो असतो. शिरोड्याला मे महिन्यात घाम निथळतो, पण संध्याकाळी वारा येतो, आंबा-फणस असतो, आणि १ जूनला मासेमारी बंद व्हायच्या आधी ताजी मासळी मिळते, हे या घराला तीस-चाळीस वर्षांत माहीत झालेलं. ते शहाणपण जागेचं आहे असं आपल्याला वाटतं. खरं तर ते आपल्या फेऱ्यांचं असतं. नव्या जागेला ते पहिल्याच दिवशी मागितलं की ती नापास होणारच.

मी त्यांना बदामीच्या दोन दिवसांतले जागेपणीचे तास मांडायला सांगितले. वैशालीताईंनी शाळेच्या वेळापत्रकासारखे चौकोन आखले. रस्ता शोधणं, खोली बदलून घेणं, जेवायचं कुठं ते ठरवणं, गाईड करायचा की नाही यावर वाद, बंद काउंटरपुढे थांबणं. बत्तीस तासांपैकी तेरा यात गेले होते. शिरोड्याच्या पाच दिवसांचा तसाच हिशेब केला तर जेमतेम एक तास भरला, तोही सावंतवाडीत पेट्रोल आणि भाजी घेण्याचा.

म्हणजे नवी जागा दारातच एक शुल्क घेते, आणि ते पैशांत नसतं. दोन दिवसांच्या सहलीत ते अर्ध्याच्या जवळ जातं, पाच दिवसांत पाचवा हिस्सा होतं, आठ दिवसांत जाणवतही नाही. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी एक साधी गोष्ट सांगते. सुट्टी दोन-तीन दिवसांचीच असेल आणि दमून जाणार असाल, तर ओळखीच्या जागी जा. नवीन जागेला निदान तीन रात्री एकाच मुक्कामाला द्या, आणि पहिला अर्धा दिवस काहीही बघायचं नाही असं ठरवूनच जा. चहा कुठं चांगला मिळतो, औषधाचं दुकान कुठं, ऊन कुठल्या बाजूनं येतं, एवढंच बघा. बेळगावहून दोन दिवसांत पाच गावं करणारी माणसं सुट्टीवर गेलेली नसतात, वसुलीला गेलेली असतात.

पण हा व्यवस्थापनाचा भाग झाला. एवढ्यानं भांडण मिटलं असतं तर माझ्याकडे यायची गरजच नव्हती. पुढच्या भेटीला मी ऋतूलाही बोलावलं.

तिघांना तीन कागद दिले. वर आठ वर्षं लिहिली: २०१४ ते २०१९, मग २०२२ आणि २०२४. मधली दोन वर्षं कोविडमुळे गेली होती आणि २०२३ बदामीत. प्रत्येक वर्षापुढे शिरोड्याची एकच आठवण लिहायची, एकमेकांचं बघायचं नाही. वीस मिनिटं.

रमेशराव झरझर सुरू झाले आणि चौथ्या मिनिटाला अडले. पेन कागदावर टेकवून बसून राहिले. शेवटी त्यांच्या कागदावर तीनच वर्षं भरली होती. एका वर्षी घाटात गाडी बंद पडून आंबोलीत रात्र काढली होती. एका वर्षी वळवाचा पाऊस कोसळला आणि वीज दोन दिवस आली नाही. आणि २०१४, म्हणजे वडील गेल्यानंतरची पहिली खेप. बाकीच्या पाच वर्षांपुढे त्यांनी कंस करून लिहिलं होतं, "नेहमीसारखं."

"हे असं कसं?" ते स्वतःलाच विचारत होते. "मला तर वाटायचं सगळं लक्षात आहे."

आठवणींचा हा स्वभावच आहे. सारखे दिवस मन वेगवेगळे ठेवत नाही, एकावर एक घडी घालून ठेवतं. पाच वर्षांचं "नेहमीसारखं" ही एकच जाड घडी होती. मऊ, उबदार, पण एकच. वेगळी राहिली ती वर्षं, ज्यांत काहीतरी बिघडलं होतं. परत परत त्याच जागी जाणाऱ्याला मिळते ती विश्रांती. वर्षाचा वेगळा ठसा मात्र त्यात हरवतो. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा ते नाराज झाले नाहीत. म्हणाले, "मला विश्रांतीच पाहिजे होती की वो." बरोबर होतं. त्यांनी जे मागितलं तेच त्यांना मिळत होतं.

मग वैशालीताईंचा कागद. त्यांनी आठपैकी सात वर्षं भरली होती. मी वाचायला घेतला आणि तिसऱ्या ओळीला माझा आवाज आपोआप उतरला.

२०१५: वहिनींचा हात मोडला होता, पाचही दिवस स्वयंपाक मी. २०१६: बांगडे साफ करताना काटा घुसला, बोट सुजलं. २०१७: वहिनींचे पाहुणे आले, बारा पानं. २०१८: गॅस संपला, चुलीवर केलं. असंच पुढे. समुद्राचा उल्लेख एकाच वर्षी होता, आणि तोही "सगळे समुद्रावर गेले तेव्हा भात लावला" असा.

खोलीत काही वेळ कुणी बोललं नाही. ऋतू आईकडे बघत होती.

"मी कधी तक्रार केली नाही," वैशालीताई हळू म्हणाल्या. "वहिनी चांगल्या आहेत. त्यांचं वय झालं. आपण बसून कसं राहायचं? घरच्यासारखंच आहे ना ते."

तेव्हा मला पहिल्या दिवशीची वळवलेली मान आठवली. 'घरच्यासारखं' हा शब्द दोघंही वापरत होते. घरात रमेशरावांना जे मिळतं ते त्यांना शिरोड्यात मिळत होतं, आणि घरात वैशालीताईंना जे करावं लागतं ते त्यांना शिरोड्यात करावं लागत होतं. जागा एकच, पण सुट्टीवर एकटाच माणूस जात होता. नवीन ठिकाणाचा हट्ट नावीन्यासाठी नव्हताच. अनोळखी गावात कुणाच्या स्वयंपाकघरात शिरायची सोय नसते, एवढंच त्यांना हवं होतं. बदामीच्या त्या भाजून काढणाऱ्या दोन दिवसांतसुद्धा त्या दोन वेळा बसून जेवल्या होत्या आणि ताट दुसऱ्यानं उचललं होतं. त्यांना ती सहल वाईट वाटलीच नव्हती!

हे मी शोधून काढलं असं म्हणायला मला आवडेल. पण ते कागदावर होतंच, मी फक्त मोठ्यानं वाचलं. तरी एक सांगते. "तुम्हाला कुठं जायचंय?" असं मी त्यांना शंभर वेळा विचारलं असतं, तर शंभर गावांची नावं मिळाली असती. "तिथं तुम्ही काय करत होता?" हे विचारल्यावरच खरं बाहेर आलं. नवं की जुनं असा वाद घरात चालू असेल तर आधी प्रत्येकाच्या सुट्टीतला एक दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत लिहून बघा. कोण कितीदा उठलं, कोणासाठी उठलं. निम्म्या घरांत वाद गावाचा नसतोच.

रमेशराव उठले आणि पाणी प्यायले. परत बसल्यावर म्हणाले, "मला दिसलंच नाही." मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं गप्प बसायला शिकावं, ते मला उशिरा जमलं.

ऋतूचा कागद मी शेवटी ठेवला होता. तिनं आठही वर्षं भरली होती.

२०१४ ला ती चार वर्षांची होती. "पाण्याला घाबरले, पप्पांनी उचललं." २०१६: गुडघ्यापर्यंत गेले. २०१७: वहिनीआजीच्या दाराच्या चौकटीवर उंची मोजली. २०१९: चौकटीवरची जुनी रेघ खांद्याच्या खाली आली. २०२२: आजी ओळखेना, म्हणाली ही कोण. २०२४: एकटी सुरूच्या बनापर्यंत चालत गेले, कुणाला सांगितलं नाही.

ही शेवटची ओळ ऐकून दोघांनी एकदम तिच्याकडे पाहिलं.

बापाला जिथं पाच वर्षं सारखी दिसली, तिथं मुलीला एकही वर्ष दुसऱ्यासारखं दिसलं नव्हतं. ती स्वतः बदलत होती आणि जागा स्थिर होती, म्हणून. चौकटीवर रेघ मारायला चौकट तीच असावी लागते. दरवर्षी नवं गाव पाहिलं असतं तर तिला आठ गावं आठवली असती, पण आपण पाण्याला कधी घाबरायचं सोडलं हे कळलं नसतं. परत जाण्यातून मिळणारी ही गोष्ट फार थोडे लोक बोलून दाखवतात, कारण ती सहलीत दिसत नाही, पाच-सात खेपा झाल्यावर दिसते. ज्यांच्या घरात वाढती मुलं किंवा थकत चाललेले आई-वडील आहेत, त्यांनी एक जुनी जागा अगदी सोडून देऊ नये असं मी म्हणते ते यासाठी.

मात्र जुनी जागा शिळी झाली हे ओळखायची एक खूण आहे. परतणारा माणूस बघेनासा होतो आणि तुलना करू लागतो. "पूर्वी इथं एवढी गर्दी नव्हती", "पूर्वीची सोलकढी वेगळी होती", "आता स्कूटर-बोटी आल्या". दिवसातून एकदा झालं तर तो जिव्हाळा. प्रत्येक वाक्य "पूर्वी"नं सुरू होऊ लागलं, तर त्या माणसाची जागेतली विश्रांती संपली, आता तो तिथं पहारा करायला जातो. रमेशरावांचं २०२४ चं बरंचसं बोलणं असं होतं, हे ऋतूनं सांगितलं. त्यांनी कबूलही केलं.

वैशालीताईंना मी वेगळं सांगितलं. शिकागो विद्यापीठातल्या एड ओब्रायन यांनी २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. संग्रहालयातलं एक प्रदर्शन नुकतंच पाहिलेल्या लोकांना विचारलं, हेच पुन्हा बघायला किती आवडेल? त्यांचा अंदाज फारसा बरा नव्हता. पण ज्यांना खरोखरच पुन्हा पाठवलं, त्यांना अंदाजापेक्षा जास्त आवडलं. पहिल्या फेरीत किती बघायचं राहून गेलंय याची आपल्याला कल्पनाच नसते. माझा स्वतःचा कल याच विचाराकडे आहे, हे लपवत नाही. "तुम्ही शिरोडं आठ वेळा पाहिलं असं तुम्हाला वाटतं," मी म्हणाले. "मला तर वाटतं, तुम्ही एक स्वयंपाकघर आठ वेळा पाहिलं."

त्या हसल्या. मग मी एक-एक विचारत गेले. शिरोड्याची मिठागरं पाहिलीत? १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात हे गाव गाजलं होतं. मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी, तिथं मिठाचे पांढरे ढीग लागलेले असतात. नाही. आरवलीचा वेतोबा? शेजारचंच गाव. देवाला केळ्यांचे घड आणि भल्या थोरल्या चामड्याच्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावभर फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. नाव ऐकलं होतं, गेल्या नव्हत्या. रेडीचा गणपती? १९७६ मध्ये लोहखनिजाच्या खाणीत सापडलेली मोठी मूर्ती. तिथं रमेशराव लहानपणी गेले होते, बायकोला कधी नेलं नव्हतं.

"आठ वर्षं!" वैशालीताई म्हणाल्या. नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, हे विशेष.

आता राहिला निवाडा. "एक वर्ष तुझं, एक वर्ष माझं" ही तडजोड लोक स्वतःच करून येतात. ती मी शक्यतो मोडते. पाळी लावली की ज्याची पाळी नाही तो त्या वर्षी साक्षीदार म्हणून येतो आणि चुका मोजतो. बदामीला रमेशराव तेच करत होते. पाळीऐवजी मी त्यांना एक आकडा काढायला लावला.

"ऋतू तुमच्याबरोबर येईल असे किती मे उरलेत?"

रमेशरावांना प्रश्न कळला नाही. वैशालीताईंना शाळेमुळे लगेच कळला. त्या बोटं मोजू लागल्या. यंदाचा एक. पुढच्या वर्षी एसएसएलसीची परीक्षा झाल्यावरचा दुसरा. पीयूसीच्या पहिल्या वर्षानंतरचा तिसरा. त्यानंतर सीईटी, प्रवेश, बाहेरगाव.

"तीन," त्या म्हणाल्या. "फार तर."

रमेशरावांच्या मनात आयुष्यभर पुरतील एवढे मे होते. माणसाला वेळ भरपूर वाटतो तेव्हा तो नवं धुंडाळतो आणि थोडा वाटतो तेव्हा ओळखीच्याकडे वळतो, असं स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टेन्सन अनेक वर्षांच्या अभ्यासातून सांगतात. त्यांच्या एका प्रयोगात मोकळा अर्धा तास कोणाबरोबर घालवाल असं विचारलं होतं. वयस्कर माणसं घरचं माणूस निवडत, तरुण नव्या ओळखीकडेही झुकत. पण "तुम्ही लवकरच एकटे दूरच्या गावी राहायला जाणार आहात" अशी कल्पना करायला सांगितल्यावर तरुणही घरचंच माणूस निवडू लागले. म्हणजे हा नुसता वयाचा गुण नाही, शिल्लक किती दिसते त्याचा आहे. म्हणून एकाच घरात पन्नाशीचा बाप "तिथंच" म्हणतो आणि पंधरा वर्षांची मुलगी "कुठंतरी" म्हणते. दोघंही आपापली शिल्लक बघून बोलत असतात. अडचण अशी, की शिल्लक कोणी सांगत नाही, फक्त गावाचं नाव सांगतात.

तीन आकडा समोर आल्यावर बोलणं बदललं. रमेशराव स्वतःच म्हणाले, की तिन्ही मे शिरोड्याला घालवायचे काय, याचा विचार करायला पाहिजे. आणि वैशालीताई म्हणाल्या, चौकटीवरची रेघ पुरी होऊ दे, शिरोडं सोडायला नको. दोघांनी जागा बदलल्या होत्या. असं होतं तेव्हा मी खुर्चीत मागे टेकून बसते. माझ्या कामातला एवढाच ऐषाराम.

ठरलं ते असं. मे शिरोड्याचा, पण जेवण बाहेर, बाजारातल्या खानावळीत, तिन्ही-त्रिकाळ. सकाळचा चहा रमेशराव करतील. पाच दिवसांतला निम्मा वेळ नेहमीच्या सुरूखाली, कुणी काही ठरवायचं नाही. आणि रोज एकच नवी गोष्ट, घरापासून अर्ध्या तासाच्या आत, ती वैशालीताई निवडतील. नवं गाव ऑक्टोबरात. आपल्याकडे कर्नाटकातल्या शाळांना दसऱ्याची सुट्टी चांगली लांब असते, महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना दिवाळीची वाट बघावी लागते. या मोकळ्या दिवसांचा उपयोग आपण फारच कमी करतो, असं माझं मत. आणि नवं गाव म्हणजे पुन्हा बदामीच, हे त्यांनी सुचवलं तेव्हा मलाही नवल वाटलं. पण खरंच, बदामी त्यांनी पाहिलीच कुठं होती?

शिरोड्याची खेप सुरळीत झाली असं लिहिणं सोपं आहे. झाली नाही. वहिनी दुखावल्या. "माझ्या घरात राहून हॉटेलात जेवता?" त्या दोन दिवस नीट बोलल्या नाहीत. रमेशरावांनी फोन केला, "मॅडम, आता काय करू?" मी विचारलं, वहिनींना कुणी कधी बाहेर जेवायला नेलंय का? त्यांना आठवेना. तिसऱ्या दिवशी ते त्यांनाही बरोबर घेऊन गेले. थाळी पुढ्यात आल्यावर वहिनींनी सोलकढीला नावं ठेवली, पण सगळं जेवल्या. मिठागरावर मात्र रमेशरावांना उन्हाचा त्रास झाला आणि वेतोबाचं राहूनच गेलं. पाचांपैकी दोनच दिवस ठरल्यासारखे गेले. तरी परत आल्यावर वैशालीताईंनी सांगितलं, की रोज संध्याकाळी त्या समुद्रावर होत्या.

ऑक्टोबरात बदामीला तीन रात्री, एकच लॉज. पहिल्या दिवशी दुपारी नुसती झोप, संध्याकाळी अगस्त्य तळ्याच्या काठानं भूतनाथाच्या देवळापर्यंत चालणं. पावसानंतर तळं भरलेलं होतं. लेणी सकाळी उघडल्या उघडल्या, दगड थंड असताना. तिसऱ्या लेण्यातला शिलालेख इसवी सन ५७८ चा आहे हे ऋतूनं मला फोनवर सांगितलं, मलाच माहीत नसल्यासारखं. पट्टदकल दुसऱ्या दिवशी, फक्त पट्टदकल. ऐहोळे त्यांनी सोडून दिलं, आणि ते सोडताना रमेशरावांना फार जड गेलं म्हणे, इतक्या जवळ येऊन! शेवटच्या दिवशी बनशंकरीला देवळाबाहेर बसलेल्या बायकांकडून ज्वारीची भाकरी, दही आणि लाल मिरचीची चटणी घेऊन तिघं तळ्याकाठी बसून जेवले. वैशालीताई म्हणाल्या, दुसरी भाकरी मागायची होती, तेवढ्यात रमेशराव स्वतःच उठून आणायला गेले.

दिवाळीनंतर ते शेवटचं भेटायला आले. पुढच्या मे महिन्याचं काय, असं मी सहज विचारलं. ऋतू म्हणाली, एसएसएलसी संपली की मैत्रिणी गोव्याला जाणार आहेत, दोन दिवस, एकीची मावशी तिथं असते. तिलाही जायचंय. शिरोड्याच्याच आठवड्यात.

दोघंही एकदम "नाही" म्हणाले. एवढ्या भेटींत त्यांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग रमेशरावांनी खिशातून तो जुना कागद काढला. त्यांनी तो जपून ठेवला होता, हे मला माहीत नव्हतं. "नेहमीसारखं" लिहिलेल्या पाच कंसांकडे त्यांनी जरा वेळ पाहिलं आणि मुलीला विचारलं, "मावशीचं घर समुद्राजवळ आहे काय?"

"पप्पा, मला पोहायला येतं आता."

"मला म्हाईत आहे," ते म्हणाले. "तरी विचारालोय."

वैशालीताई पुन्हा बोटं मोजू लागल्या होत्या.